सहा ठिपके, एक वक्र आणि आठ वर्षांचं त्र्याहत्तर किलोचं मूल



आजचा पाठ आलेखावरच्या वाकड्या रेषेचा आहे. सरळ रेषा बसवायला आपण मुलांना शिकवतो, पण निसर्गातली बहुतेक नाती सरळ नसतात. मग वक्र बसवायचा कसा, बहुपदीची कोटी किती घ्यायची आणि ती वाढवत गेलो तर काय बिघडतं, हे आज एकाच उदाहरणातून बघू. उदाहरण तुमच्या घरातलं आणि अंगणवाडीतलंच आहे: मुलाचं वय आणि मुलाचं वजन.

अंगणवाडीतल्या वाढीच्या कार्डावर हिरवा, पिवळा, नारिंगी असे पट्टे असतात. त्या पट्ट्यांच्या कडा म्हणजे वक्ररेषा. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली जाहीर केलेल्या मानकांवरून त्या आखल्या जातात. या मानकांतलं मुलग्यांचं मध्यक वजन मी खाली देते. मध्यक म्हणजे निम्मी मुलं ज्याच्या वर आणि निम्मी ज्याच्या खाली, ते वजन.

जन्मतः ३.३ किलो, १ वर्षाला ९.६, २ वर्षांना १२.२, ३ वर्षांना १४.३, ४ वर्षांना १६.३ आणि ५ वर्षांना १८.३.

हे सहा आकडे वहीत लिहून घ्या. आजचं सगळं गणित एवढ्यावरच आहे आणि सगळं हाताने करता येतं.

सरळ रेषा काय सांगते

आधी सरळ रेषाच बसवू. लघुतम वर्ग पद्धतीने, म्हणजे चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवून, जी रेषा येते तिचा चढ सुमारे २.७८ आहे आणि जन्माच्या वेळचं वजन ती ५.४ किलो सांगते. खरं वजन ३.३. म्हणजे पहिल्याच ठिपक्यावर दोन किलोंची चूक.

चूक किती आहे यापेक्षा चुकांची चिन्हं बघायला मुलांना शिकवा. खऱ्या वजनातून रेषेचं वजन वजा केलं की क्रमाने उरतात −२.१, +१.४, +१.३, +०.६, −०.२, −१.०. आधी उणे, मग सलग तीन अधिक, मग पुन्हा उणे. ठिपके खरोखर सरळ रेषेभोवती विखुरलेले असते तर चिन्हं अशी गटागटाने आली नसती. असा गट दिसला की समजायचं, नातं वाकडं आहे आणि रेषा सरळ आहे. हे ओळखायला कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही.

कारणही आपल्याला माहीत आहे. पहिल्या वर्षात मूल ६.३ किलो वाढतं, दुसऱ्या वर्षात २.६, आणि नंतर दर वर्षी दोन किलोंच्या आसपास. एकच चढ या दोन्ही काळांना पुरणार कसा?

मग वर्ग बहुपदी घेऊ

नैसर्गिक पुढची पायरी म्हणजे वयाचा वर्गही घ्यायचा. y = a + bx + cx² असा वक्र बसवायचा. यालाच बहुपदी रिग्रेशन म्हणतात. नाव मोठं आहे, काम तेच: चुकांचे वर्ग कमीत कमी. फक्त आता x बरोबर x² सुद्धा रांगेत उभा असतो. हवं तर x³, x⁴, किती हवेत तितके.

वर्ग बहुपदी लगेच जवळ येते. जन्मतः ४.० किलो, एक वर्षाला ८.५, पाच वर्षांना १७.९. पहिल्यापेक्षा बरंच बरं. एक्सेलमध्ये ट्रेंडलाइन टाकून `R²` दाखवायला सांगितलं तर सरळ रेषेला ०.९३५ येतो आणि वर्ग बहुपदीला ०.९८३. मुलं खूश होतात, कारण हा आकडा एकच्या जवळ गेला की उत्तर बरोबर, असं त्यांना वाटत असतं.

पण हा वक्र म्हणजे अन्वस्त आहे आणि उलट्या वाटीसारखा आहे. उलट्या वाटीला माथा असतो. कुठे? गणित केलं तर ५ वर्षं ९ महिन्यांवर. म्हणजे या वक्राच्या मते मूल पावणेसहा वर्षांचं होईपर्यंत वाढतं आणि नंतर वजन उतरायला लागतं. दहा वर्षांच्या मुलाचं वजन तो १०.४ किलो सांगतो. ०.९८३ असा देखणा आकडा मिरवणारा वक्र दहा वर्षांच्या मुलाला सव्वा वर्षाच्या बाळाच्या वजनावर आणून ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढच्या संदर्भ तक्त्यात दहा वर्षांच्या मुलग्याचं मध्यक ३१.२ किलो आहे.

इथे एक गोष्ट मनात ठेवा. `R²` फक्त एवढंच सांगतो की जे ठिपके दिले त्यांच्या किती जवळून वक्र गेला. कोटी वाढवली की तो कधीच कमी होत नाही, वाढतोच. म्हणून कोटी ठरवायला तो साक्षीदार म्हणून चालत नाही. तो नेहमी "आणखी वाढवा" असंच म्हणणार.

एक आला, मॅडम!

आमच्या बारावीच्या एका गटाने हेच आकडे घेऊन प्रकल्प केला होता. त्यांनी ट्रेंडलाइनच्या पर्यायांत `Polynomial` निवडलं, `Order` मध्ये ५ टाकलं आणि धावत आले: "मॅडम, एक आला! बरोब्बर एक!"

एक येणारच होता. सहा ठिपके आहेत. पाचव्या कोटीच्या बहुपदीत सहा सहगुणक असतात. सहा अटी, सहा अज्ञात, म्हणजे सहाही ठिपक्यांतून जाणारा वक्र मिळणारच. ठिपके वजनाचे असोत, बसच्या तिकिटांचे असोत की फासे टाकून आलेले असोत. यात मुलाच्या वाढीबद्दल काहीच शिकून झालेलं नाही. सहा आकडे दुसऱ्या भाषेत लिहिले गेले, एवढंच.

मी त्यांना संगणक बाजूला ठेवायला सांगितलं आणि फळ्यावर फरकांचा तक्ता मांडला. तुम्हीही मांडा. वजनांचे लागोपाठचे फरक, मग फरकांचे फरक, असं खाली खाली जायचं.

वजनं: ३.३, ९.६, १२.२, १४.३, १६.३, १८.३

पहिले फरक: ६.३, २.६, २.१, २.०, २.०

दुसरे: −३.७, −०.५, −०.१, ०

तिसरे: ३.२, ०.४, ०.१

चौथे: −२.८, −०.३

पाचवा: २.५

पाचव्या कोटीच्या बहुपदीचा पाचवा फरक स्थिर असतो. म्हणजे पुढेही २.५ च. आता खालून वर चढत यायचं. चौथ्या ओळीत पुढचा आकडा −०.३ + २.५ = २.२. तिसऱ्या ओळीत ०.१ + २.२ = २.३. दुसऱ्या ओळीत ० + २.३ = २.३. पहिल्या ओळीत २.० + २.३ = ४.३. आणि वजन १८.३ + ४.३ = २२.६. हे सहा वर्षांचं भाकीत. खरं मध्यक २०.५ आहे. दोन किलोंची चूक, पण अजून कोणी हसत नाही.

पुन्हा एकदा तीच पायरी केली की सात वर्षांना ३६.२ किलो. आणखी एकदा केली की आठ वर्षांना ७३.३ किलो. इथे वर्ग हसायला लागतो. नऊ वर्षांना १५७.८. दहा वर्षांना ३२५.८, म्हणजे रेड्याच्या वजनाचं पोर.

हे का होतं? या बहुपदीत x⁵ चा सहगुणक सुमारे ०.०२ आहे, दिसायला अगदी किरकोळ. पण पाच वर्षांना हे एकटं पद ६५ किलो देतं आणि मूल आहे १८ किलोचं. बाकीची पदं मिळून उरलेले ४७ किलो कापतात. ठिपक्यांच्या आत ही मोठी पदं एकमेकांना कापत असतात, कारण तशी अट आपणच घातलेली असते. ठिपके संपले की अट संपते. आठ वर्षांना x⁵ चं पद ६८३ किलोंवर जातं आणि बाकीच्यांना ते कापणं जमत नाही. रस्सीखेचीत एका बाजूने हात सोडावा तसं होतं.

पाव-पाव किलोचा हिशेब

कोणी म्हणेल, पुढचं भाकीत करायचंच नाही, मग झालं? पण धोका तेवढाच नाही. बहुपदी मोजमापातली बारीकशी खोट किती फुगवते, तेही बघा.

वरचा तक्ता उलगडला तर सहा वर्षांचं भाकीत असं येतं: पाचव्या वर्षाच्या वजनाची ६ पट, वजा चौथ्याची १५ पट, अधिक तिसऱ्याची २० पट, वजा दुसऱ्याची १५ पट, अधिक पहिल्याची ६ पट, वजा जन्मवजन. ६, १५, २०, १५, ६, १ हे आकडे ओळखलेत ना? पास्कलच्या त्रिकोणातले आहेत.

आता तिसऱ्या वर्षाचं वजन १४.३ च्या ऐवजी १४.४ नोंदलं गेलं असं समजा. शंभर ग्रॅम म्हणजे अंगातला एक सदरा. सहा वर्षांचं भाकीत लगेच वीस पट, म्हणजे दोन किलोंनी हलतं. नुसतं पूर्णांकनच घेतलं, १४.३ म्हणजे १४.२५ ते १४.३५ मधलं काहीही, तरी भाकीत किलोभर इकडे किंवा तिकडे. सरळ रेषेत हेच शंभर ग्रॅम भाकिताला २७ ग्रॅमनी हलवतात. रेषा चुकीची आहे, पण ती स्थिर आहे. पाचव्या कोटीची बहुपदी प्रत्येक ठिपका गाठते आणि त्या बदल्यात वजनकाट्याचा प्रत्येक कंप मोठा करून पुढे पाठवते.

खरा आकडा घातला आणि उत्तर आणखी बिघडलं

आता माझ्या मते या पाठातला सगळ्यात महत्त्वाचा भाग.

ठिपक्यांच्या मध्ये बहुपदी कशी वागते हे तपासायला सहा महिन्यांचं वजन बघू. आपल्या पाचव्या कोटीच्या बहुपदीला ०.५ वर्ष विचारलं तर ती ७.३ किलो सांगते. मानकांत सहा महिन्यांच्या मुलग्याचं मध्यक ७.९ आहे. म्हणजे सहाही ठिपक्यांतून बिनचूक गेलेला वक्र मध्ये सहाशे ग्रॅमनी चुकला.

आपली पहिली प्रतिक्रिया काय होईल? "माहिती कमी होती, तो ठिपका पण द्या." रास्त आहे. दिला. आता सात ठिपके, म्हणून सहावी कोटी. सहा महिन्यांवर वक्र ७.९ गाठतो, समाधान होतं. मग सहा वर्षांचं भाकीत काढा: उणे ७ किलो. आठ वर्षांचं काढा: उणे ७५९ किलो.

आपण काही खोटं सांगितलं नव्हतं. उलट जास्तीचं खरं सांगितलं होतं. आणि हे फक्त बाहेर होतं असंही नाही. साडेचार वर्षांचं वजन आधीची बहुपदी १७.२ सांगत होती, खरं मध्यक १७.३ आहे, म्हणजे ठीक चाललं होतं. सहा महिन्यांचा ठिपका घातल्यावर तीच जागा १७.८ च्या वर गेली. बाळाच्या वजनाबद्दल एक खरी गोष्ट कळल्याने साडेचार वर्षांच्या मुलाबद्दलचं उत्तर बिघडलं. या दोन मुलांचा एकमेकांशी संबंध काय? काहीच नाही. बहुपदीने तो जोडला, कारण तिचे सहगुणक सगळ्या आलेखाला एकत्र लागू असतात. एका टोकाला ओढलं की दुसरं टोक हलतं.

जर्मन गणिती कार्ल रुंगे यांनी १९०१ साली हेच एका साध्या, गुळगुळीत फलनावर दाखवलं होतं: 1/(1+25x²). सारख्या अंतरावर ठिपके घेऊन त्यांतून जाणारी बहुपदी काढायची आणि ठिपके वाढवत न्यायचे. मधला भाग सुधारत जातो आणि दोन्ही टोकांजवळ लाटा अधिकाधिक उंच होत जातात. ठिपके वाढवणं हा त्यावर उपाय नाही, तोच रोग आहे.

लाकडाची पातळ पट्टी

मग काय करायचं? जुन्या काळी जहाजाचा आराखडा काढणारे कारागीर मोठे वक्र आखायला लाकडाची लवचिक पातळ पट्टी वापरत. ठरलेल्या जागी जड वजनं ठेवून पट्टी अडकवायची, मध्ये ती आपोआप गोलाईने वाकते, तिच्या कडेने पेन्सिल फिरवायची. इंग्रजीत त्या पट्टीला स्प्लाइन म्हणत. १९४६ साली आयझॅक शोनबर्ग या गणितज्ञाने तेच नाव गणितात आणलं.

गणितातली स्प्लाइन म्हणजे अशी: सगळ्या आलेखाला एकच मोठी बहुपदी लावायची नाही. आलेखाचे तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्यावर छोटी, बहुधा घन बहुपदी. तुकडे जिथे जुळतात त्या जागांना गाठी म्हणू. गाठीवर तीन गोष्टी जुळायला हव्यात: उंची, चढ आणि वाक. उंची जुळली नाही तर रेषा तुटेल, चढ जुळला नाही तर टोक येईल, वाक जुळला नाही तर डोळ्याला सांधा जाणवेल. तिन्ही जुळले की सांधा दिसत नाही. आणि नैसर्गिक स्प्लाइन म्हणतात तिच्यात आणखी एक अट असते: दोन्ही टोकांना वाक शून्य, बाहेर सरळ रेषा. पट्टीला शेवटच्या वजनानंतर कोणी वाकवत नाही, म्हणून ती सरळ जाते, तसंच.

आपल्या त्याच सहा ठिपक्यांतून नैसर्गिक घन स्प्लाइन काढली. तीही सहाही ठिपक्यांतून जाते. `R²` विचारला तर तोही एकच येईल! आता दोघांना शेजारी ठेवू.

| वय (वर्षं) | खरं मध्यक | पाचव्या कोटीची बहुपदी | स्प्लाइन |
|---|---|---|---|
| ६ | २०.५ | २२.६ | २०.३ |
| ७ | २२.९ | ३६.२ | २२.३ |
| ८ | २५.४ | ७३.३ | २४.३ |
| १० | ३१.२ | ३२५.८ | २८.४ |

स्प्लाइन दहा वर्षांना तीन किलोंनी कमी पडते, कारण मूल पुढे पुन्हा वेगाने वाढायला लागतं आणि पाच वर्षांपर्यंतच्या ठिपक्यांना ते माहीत असायचं कारण नाही. पण ती चूक माणसाच्या मापाची आहे.

शंभर ग्रॅमच्या सदऱ्याची परीक्षाही घेऊ. तिसऱ्या वर्षाचं वजन शंभर ग्रॅमनी बदललं तर स्प्लाइनचं सहा वर्षांचं भाकीत सुमारे ४३ ग्रॅमनी हलतं. बहुपदीचं दोन किलोंनी हललं होतं.

आणि सहा महिन्यांचा खरा ठिपका घातला तर? साडेचार वर्षांवर स्प्लाइन दहा ग्रॅमपेक्षाही कमी हलते. गाठींमुळे बाळाची बातमी बाळाच्याच भागात राहते.

स्प्लाइनला काय जमत नाही

इथे थांबलो तर स्प्लाइन म्हणजे रामबाण असं वाटेल. तसं नाही. मूळ सहा ठिपक्यांवरच्या स्प्लाइनला सहा महिन्यांचं वजन विचारा: ती ६.८ किलो सांगते. खरं ७.९. बहुपदी ७.३ म्हणाली होती, म्हणजे या जागी स्प्लाइन तिच्यापेक्षाही वाईट!

कारण सरळ आहे. सगळ्यात जास्त वाक पहिल्या वर्षात आहे, आणि आपण तिथे मध्ये एकही ठिपका दिला नाही. शिवाय टोकाला वाक शून्य ही अट आपण जन्माच्या क्षणावर लादली, जिथे वजन सगळ्यात वेगाने वळतं आहे. पट्टीला जिथे जास्त वाकायचं आहे तिथेच वजनं ठेवली नाहीत, तर ती सरळ जाणारच.

पालकांनो, ही एक किलोची चूक नुसती वहीतली नाही. सहा महिन्यांच्या मुलग्याचं वजन ६.४ किलोंच्या खाली असेल तर मानकांनुसार ते कमी वजनाचं मूल ठरतं. आता समजा कोणी वर्षा-वर्षाच्या आकड्यांतून स्वतः वक्र काढला आणि ६.८ हे मधलं वजन मानलं. ६.३ किलोचं बाळ त्याला मधल्या रेषेच्या जरासंच खाली दिसेल. "थोडं बारीक आहे, होईल" म्हणून सोडून दिलं जाईल. ज्या बाळाकडे लगेच लक्ष द्यायला हवं तेच हातातून निसटेल. चुकीच्या वक्राची किंमत इथे मोजावी लागते.

म्हणून मानकं करणाऱ्यांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. १९९७ ते २००३ या काळात सहा देशांत मुलं मोजली गेली: ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका. आपल्याकडचं केंद्र दिल्लीत होतं. ज्या बाळांचा जन्मापासून पाठपुरावा केला त्यांना जन्मानंतर पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या आठवड्यात मोजलं, मग दुसऱ्या महिन्यापासून बाराव्यापर्यंत दर महिन्याला, आणि दुसऱ्या वर्षात दर दोन महिन्यांनी. जिथे वक्र वळतो तिथे ठिपके दाट, जिथे तो सरळ होतो तिथे विरळ. आणि वक्र घन स्प्लाइनने बसवताना वयाचा अक्षही आधी बदलून घेतला: वयाऐवजी वयाचा एक घात घेतला, त्यामुळे सुरुवातीचे महिने ताणले जातात आणि तीव्र वळण सौम्य होतं. आडव्या अक्षावर वयाचं वर्गमूळ घेऊन आलेख काढून बघा, म्हणजे याचा अंदाज येईल. आपले सहा ठिपके लगेच सरळ रेषेच्या बरेच जवळ येतात.

आणखी एक फरक. आपण इथे आधीच गुळगुळीत केलेली मध्यकं वापरली, म्हणून वक्र प्रत्येक ठिपक्यातून नेणं चाललं. खऱ्या नोंदींत एकाच वयाची शेकडो मुलं असतात, कोणी सात किलोचं, कोणी नऊ. तिथे प्रत्येक ठिपक्यातून जायचा प्रश्नच नाही. तिथे मोजक्या गाठी ठेवतात आणि चुकांचे वर्ग कमीत कमी करणारी स्प्लाइन शोधतात. गाठी फार ठेवल्या तर स्प्लाइनसुद्धा गर्दीतल्या प्रत्येक मुलामागे धावते आणि वक्राला विनाकारण उंचवटे येतात. कोटीचा मोह गेला तरी गाठींचा मोह राहतोच.

ओळखायचं कसं

मग कोटी किंवा गाठी किती, हे ठरवायचं कसं? वर्गात करता येण्यासारखी एक तपासणी सांगते. एक ठिपका झाकून ठेवा, उरलेल्यांवर वक्र बसवा आणि झाकलेल्या ठिपक्याचं भाकीत करा.

आपल्या आकड्यांतलं पाच वर्षांचं वजन झाका. उरले पाच ठिपके, त्यांतून चौथ्या कोटीची बहुपदी. फरकांच्या तक्त्यात चौथा फरक −२.८ स्थिर धरून चढत या: पाच वर्षांना १५.८ किलो येतं. चार वर्षांना १६.३ होतं, म्हणजे बहुपदी म्हणते मूल वाळलं. खरं वजन १८.३. अडीच किलोंची चूक. त्याच पाच ठिपक्यांवरची नैसर्गिक स्प्लाइन १८.२ सांगते. झाकलेला ठिपका उघडला की कोण पाठांतर करून आलं होतं आणि कोणाला विषय कळला होता, ते दिसतं. परीक्षेत न शिकवलेलं गणित घातल्यावर आपल्याला कळतं, तसंच.

फक्त एकच ठिपका झाकून थांबू नका, एकेक करून सगळे झाका आणि चुका एकत्र बघा. आणि कडेचा ठिपका झाकता तेव्हा तुम्ही बाहेरचं भाकीत तपासत असता, मधला झाकता तेव्हा आतलं. दोन्हींची उत्तरं वेगळी येऊ शकतात, आपल्या स्प्लाइनची आली तशी.

एक्सेलमध्ये करून बघणार असाल तर दोन बारीकसारीक गोष्टी. ट्रेंडलाइनच्या खिडकीत `Forward` पुढे ३ टाका, म्हणजे वक्र आठ वर्षांपर्यंत लांबेल आणि मुलांना डोळ्यांनी उडी दिसेल. आणि आलेख `Scatter` प्रकारचाच घ्या. साध्या `Line` आलेखात एक्सेल ठिपके सारख्या अंतरावर धरतं, त्यामुळे ०.५ वर्षाचा ठिपका घातल्यावर वयं भलतीच सरकतात आणि सगळं गणित वेगळं येतं.

पुढच्या वेळी कोणी `R²` एक आल्याचा आलेख दाखवला, तर तीन प्रश्न विचारा: ठिपके किती होते, सहगुणक किती आहेत, आणि एखादा ठिपका झाकून पाहिला का. पहिल्या दोन आकड्यांची उत्तरं सारखीच आली तर तिसऱ्याची वाट बघायची गरज नाही.

घरचा अभ्यास म्हणून मुलींचं मध्यक देते: जन्मतः ३.२, मग वर्षागणिक ८.९, ११.५, १३.९, १६.१ आणि १८.२ किलो. फरकांचा तक्ता मांडा आणि आठ वर्षांची मुलगी किती किलोची येते ते काढा. मग सहा महिन्यांचं ७.३ किलो हा ठिपका घालून पुन्हा काढा. उत्तर काय आलं ते खाली नक्की लिहा.